वांग्याचा कारभार

अप्पांना स्वयंपाकातला एकच पदार्थ येतो आणि तोही अर्धाच. भरिताचं वांगं भाजायचं आणि सोलायचं, इथवर अप्पा. पुढे काकू. मिरच्या-लसूण ठेचणं, कांद्याची पात चिरणं, दाणे तळणं, कळण्याच्या पुऱ्या लाटणं आणि शेवटी ओटा धुणं ही सगळी कामं अप्पांच्या हिशेबी 'किरकोळ' या सदरात मोडतात. एरवी दूध उतू गेलं तर "अगं, दूध उतू जातंय" असं बसल्या जागेवरून सांगणारा हा माणूस भरिताच्या दिवशी स्वयंपाकघराचा असा ताबा घेतो की काकूंना स्वतःच्याच ओट्यावरची मिठाची बरणी मागून घ्यावी लागते.

अप्पा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे यावल तालुक्यातले. उभी हयात वीज मंडळात गेली. वायरमन म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले, आणि मग मुलानं पुण्याला आणलं. पुण्याबद्दल त्यांच्या तक्रारी दोनच. इथली थंडी मिळमिळीत आणि इथली वांगी जांभळी. जळगावकडचं भरिताचं वांगं फिकट हिरवं असतं, अंगावर पांढुरक्या रेषा, पोटात गर भरपूर आणि बिया कमी. त्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही बातमी आम्ही अप्पांना मोठ्या उत्साहानं सांगितली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बामणोदच्या वांग्याला आता कागद लागतो का भो?"

चातुर्मासात त्यांच्याकडे वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ते सुटतं, आणि त्यासोबत अप्पाही सुटतात. पुतण्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पोतं पाठवतो. पोतं उतरवून घ्यायला अप्पा पहाटे साडेपाचला नाक्यावर उभे असतात. सूनबाई म्हणते, मी माहेराहून येते तेव्हा एवढ्या लवकर कोणी येत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या पोत्यासोबत दुसरंही एक पोतं आलं. त्यात पऱ्हाट्या होत्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या. खान्देशात भरिताची वांगी त्यांच्यावर किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात. पऱ्हाटी भुरुभुरु पेटते, जाळ मोठा होतो, पण निखारा फार टिकत नाही, आणि वांग्याला नेमकं तेवढंच हवं असतं. अप्पांनी गच्चीवर दहा-बारा वांगी मांडली आणि आग लावली. पहिल्या पाच मिनिटांत समोरच्या इमारतीतून तीन फोन आले. सातव्या मिनिटाला आमच्या सोसायटीचे चेअरमन वर आले. ते रागावलेले होते, हे त्यांनी चप्पल उलटी घातली होती यावरून कळत होतं. अप्पांनी त्यांच्या हातात लांब चिमटा दिला आणि म्हणाले, "ते कडेचं फिरवा, साहेब, करपून राहिलं." चेअरमननी फिरवलं. संध्याकाळी ते दोनदा भरीत घेऊन जेवले. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'गच्चीवर फटाके, पतंग व भरीत यांस सक्त मनाई आहे.' सही चेअरमनचीच.

तेव्हापासून अप्पा गॅसवर आले. त्याची सल त्यांच्या मनात आहेच, पण हा माणूस तांत्रिक खात्यातला. सोय बदलली की जोडणी बदलायची, हे त्यांना ठाऊक. पऱ्हाटीचं लाकूड जळताना जो धूर निघतो, त्यातच तो खमंग वास असतो, आणि वांग्याचा सुटलेला ओलसर गर तो वास पिऊन घेतो. गॅसचं तसं नाही. गॅसची निळी ज्योत स्वच्छ जळते, तिच्यात धूर असा नसतोच. म्हणजे गॅसवरच्या भरिताला धुराचा वास येतो तो गॅसचा नव्हेच. तो येतो जळणाऱ्या सालीचा आणि ज्योतीत टपकून करपणाऱ्या रसाचा. हे अप्पांनी मला एका वाक्यात सांगितलं, "गॅसवर वांग्याचं जळण वांगंच." आणि या वाक्यातून त्यांचं पुढचं सगळं शास्त्र निघतं. साल जळण असेल तर ती नुसती काळी करून चालणार नाही, ती जाळली पाहिजे. म्हणूनच ओव्हनमध्ये वांगं मऊ होतं पण भरिताचं होत नाही. ते उकडतं. मुलानं घरी इंडक्शनची शेगडी आणली, तेव्हा अप्पांनी तिला मागून-पुढून पाहिलं आणि जन्मभर लोकांच्या घरी वीज पोचवलेला हा माणूस म्हणाला, "विजेवर दिवे लावावेत."

मी त्यांचा शिष्य झालो तो एका अपघातानं. एका रविवारी बायको बाहेरगावी असताना मी हौसेनं वांगं गॅसवर ठेवलं आणि पेपर वाचत बसलो. दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. जाऊन बघतो तो अर्धं वांगं शेगडीवर, पाव वांगं भिंतीवर आणि उरलेलं कुठे गेलं ते दिवाळीच्या साफसफाईत मिक्सरच्या मागे सापडलं. आवाज ऐकून अप्पा खाली आले. भिंतीकडे बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टोचलं नव्हतं?" वांग्याच्या आत पाणी भरपूर. जाळावर त्याची वाफ होते, आणि साल अखंड असेल तर तिला बाहेर पडायला वाट नसते. चार-पाच ठिकाणी सुरीचं टोक आत गेलं की काम भागतं. "फ्यूज नाही बसवला तर असंच होणार," असं म्हणून त्यांनी माझ्या भिंतीवरचा गर बोटानं चाखला आणि ठरवलं, की भाजणी बरी होती.

पुढच्या शनिवारी ते मला मंडईत घेऊन गेले. खान्देशी पोतं संपलं होतं, त्यामुळे नाइलाजानं जांभळ्या वांग्यांवर वेळ आली होती. अप्पा वांगी निवडतात ते बघण्यासारखं असतं. सारख्या आकाराची दोन वांगी दोन हातांत घेतात, डोळे मिटतात आणि तराजूसारखे हात वरखाली करतात. भाजीवाली म्हणाली, "काका, काटा आहे माझ्याकडे." पण अप्पांना वजन नको असतं, फरक हवा असतो. दोन्हींत जे हलकं लागेल ते घ्यायचं. आकाराच्या मानानं जड वांगं म्हणजे बहुधा जून, बियांनी भरलेलं. मग अंगठ्यानं हलकेच दाबायचं. खड्डा पडला आणि भरून आला तर वांगं ताजं. पडला आणि तसाच राहिला तर भाजीवालीकडे बघून हसायचं आणि ते ठेवून द्यायचं. देठ हिरवा हवा. मी माझं ज्ञान दाखवायला गेलो, की खालचा डाग गोल असेल तर वांगं नर असतं आणि त्यात बिया कमी असतात. अप्पांनी हातातली दोन्ही वांगी खाली ठेवली. "फळात कसला आलाय नर आणि कसली मादी? एकाच फुलात दोन्ही असतं. तू शिकलेला ना रे?" भाजीवालीसुद्धा हसली. तेव्हापासून मी वांग्याचा पार्श्वभाग बघणं बंद केलं आहे.

अळीच्या बाबतीत मात्र अप्पा पोलिसासारखे वागतात. सालीवर मोठं गोल भोक दिसलं तर अळी आतून खाऊन बाहेर पडून गेली असा अर्थ. ते वांगं टाकायचं. पण आत शिरताना ती अगदी बारीक असते आणि तिच्या शिरण्याची खूण जवळजवळ बुजून जाते. म्हणजे वरून गुळगुळीत दिसणाऱ्या वांग्यातही बाई आत नांदत असू शकते. म्हणून भाजण्याआधी अप्पा वांग्याला खालच्या टोकाकडून मध्यापर्यंत दोन आडव्या-उभ्या चिरा देतात, त्या बोटांनी किंचित फाकवतात आणि लाइनमनच्या जुन्या टॉर्चनं आत बघतात. पांढराशुभ्र गर दिसला की टॉर्च बंद. तपकिरी वाट दिसली की पंचनामा. चिरा दिल्या की फुटण्याची भीतीही उरत नाही, हा दुहेरी फायदा. काही लोक त्या चिरांत लसणाच्या पाकळ्या खोचतात. अप्पांना ते पसंत नाही. "वांगं आहे, उशी नव्हे." माझं मत वेगळं आहे. भाजलेल्या वांग्याच्या पोटात शिजलेला लसूण फार गोड लागतो. पण ते मी आमच्या मजल्यावरच करतो.

तर आता शेगडी. अर्ध्या किलोचं वांगं, धुऊन अगदी कोरडं पुसलेलं, वर तेलाचा हात फिरवलेला. नुसता हात. तेल ठिबकलं तर भडका उडतो आणि साल एकाच जागी करपते. मोठा बर्नर, त्यावर जाळी, आणि आच मध्यमाहून जरा वर. अप्पा यावेळी स्टुलावर बसतात. उजवीकडे चिमटा, डावीकडे एक टेस्टर. हो, लाइनमनचाच, स्क्रू फिरवायचा आणि करंट बघायचा. हा मात्र स्वयंपाकघराला वाहिलेला आहे. काकूंनी तो तीन वेळा उकळवून घेतला आणि तारेला कधी लावणार नाही अशी देवासमोर शपथ घेववली.

पहिली पाच मिनिटं काही होत नाही, आणि कच्ची माणसं इथेच आच वाढवतात. आच वाढवली की साल दोन मिनिटांत काळी होते, माणूस खूश होऊन वांगं उतरवतो, आणि सोलल्यावर आत पांढरा, रबरासारखा गर निघतो. तो कितीही ठेचला तरी भरीत होत नाही, काचऱ्या होतात. उलट आच अगदी मंद ठेवली तर वांगं आपल्याच वाफेवर शिजतं, पण साल जळत नाही. मग चव दुधी भोपळ्याची. अप्पा दर दोन-तीन मिनिटांनी चिमट्यानं देठ धरून वांगं पाव वळसा फिरवतात. चारही बाजू झाल्या की ते उभं करतात आणि देठाकडचा भाग ज्योतीवर धरतात. वांगं तिथे सगळ्यात घट्ट असतं आणि ज्योत तिथे सगळ्यात कमी पोचते, त्यामुळे कच्चं राहतं ते नेहमी खांद्याशीच. "पोट सगळेच भाजतात," अप्पा म्हणतात, "खांदे कोण भाजतो ते बघ."

मग वांगं बोलायला लागतं. आधी सूं असा आवाज, मग चिरांतून वाफेचे फुसकारे, मग रसाचा एखादा थेंब ज्योतीत पडून चर्र. साल सुटून तिला फोड येतात, फोड फुटून करपतात, आणि काळ्या सालीच्या कडांवर राखेचा पांढरट रंग दिसायला लागतो. अप्पांना तो पांढरट रंग हवा असतो. काळं म्हणजे भाजलं, पांढरं म्हणजे जळलं. वास येतो तो इथे, पंधराव्या मिनिटानंतर, एकदम. मी या वेळी हमखास म्हणतो, "अप्पा, झालं." अप्पा माझ्याकडे न बघता म्हणतात, "वांगं सांगेल."

वांगं सांगतं ते बसून. इतका वेळ ताठ असलेलं वांगं कमरेत वाकतं, निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारच्या माणसासारखं. तेव्हा अप्पा टेस्टर उचलतात आणि देठाच्या बाजूनं, खांद्यात, आरपार घालतात. लोण्यात जावा तसा गेला तर झालं. मध्ये कुठे अडला तर त्या बाजूवर आणखी दोन मिनिटं. दिवा अर्थात लागत नाही, पण अप्पांचा चेहरा उजळतो. त्या दिवशी एकोणीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. अप्पांना घड्याळ लावलेलं आवडत नाही, पण "किती झाली?" असं त्यांनी मला चार वेळा विचारलं.

उतरवलं की परातीत ठेवून वर पातेलं पालथं घालायचं. दहा मिनिटं. आतली वाफ साल आणि गर यांच्यामध्ये शिरते आणि साल आपोआप सुटते. या दहा मिनिटांत घरातल्या कुणीही पातेलं उचलायचं नाही. एकदा नातवानं उचललं, तेव्हा अप्पा त्याच्यावर जे ओरडले, तसे ते त्याच्या गणिताच्या मार्कांवर ओरडले नव्हते.

सोलण्यात मी एकदा घोर पाप केलं. हात भाजले म्हणून वांगं नळाखाली धरलं. साल झरझर निघाली, गर स्वच्छ, पिवळसर, दाखवण्यासारखा. अप्पा सिंककडे बघत राहिले. राखाडी पाणी भोकातून चाललं होतं. "बघ," ते म्हणाले, "वीस मिनिटं आपण जे केलं, ते चाललं." खरंच, त्या दिवशीचं भरीत नुसतं मऊ होतं. धुराचा वास सालीखालच्या पातळ थरात आणि सुटलेल्या रसात बसलेला असतो. नळ तोच थर आधी नेतो. अप्पांची रीत अशी: बाजूला वाटीत पाणी, त्यात बोटं बुडवायची, वांगं नाही. देठ धरून वांगं उभं लोंबकळत ठेवायचं आणि वरून खाली साल ओढायची. देठ शेवटपर्यंत कापायचा नाही, तीच तर मूठ. सालीचे बारीक काळे कण राहिले तर राहू द्यायचे, वास त्यांचाच असतो. पण मोठे पापुद्रे राहिले तर भरीत कडू होतं आणि दातांवर काळं दिसतं. "तिळाएवढं चालेल, टिकलीएवढं नाही," हे माप अप्पांचं. परातीत सुटलेलं तपकिरी पाणी चाखून बघायचं. कडवट लागलं तर टाकायचं, नाहीतर गरातच ओतायचं. अर्ध्या किलोच्या वांग्यातून तीन-सव्वातीनशे ग्रॅम गर हाताला लागतो. मग तो लाकडी ठोंब्यानं ठेचायचा. मिक्सरचं नावसुद्धा काढायचं नाही, कारण त्यातून निघते ती पेस्ट. भरिताला धागा हवा.

गेल्या महिन्यात सूनबाईनं बंड केलं. तिला ऑफिसला जायची घाई होती. तिनं वांगी कुकरमध्ये उकडली, फोडणी दिली, मधोमध वाटीत पेटता कोळसा ठेवला, त्यावर तूप सोडलं आणि झाकण लावलं. याला ढुंगार म्हणतात. अप्पा जेवायला बसले. पहिला घास घेतला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून. "धूर आहे," ते म्हणाले, "पण वांग्याला त्याची बातमी नाही." सूनबाई उठून गेली. तिच्यावर जरा अन्याय झाला, असं मला वाटतं. ढुंगार वाईट नाही. गॅसवर नीट भाजलेल्या वांग्याला दोन मिनिटांचा ढुंगार दिला तर पऱ्हाटीच्या आसपास तरी पोचता येतं. फक्त झाकण पाच-सात मिनिटं ठेवलं की भरीत घशाला खवखवतं, आणि उकडलेल्या वांग्याला दिला तर तो वरवरचाच राहतो. हे मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "तू सूनबाईचा वकील का भो?" पण रात्री त्यांनी तिला हाक मारून विचारलं, कोळसा कुठून आणलास. बंडाचं फळ म्हणून तिला परवा एक वांगं भाजायला मिळालं. अप्पा शेजारी उभे राहून तोंडी परीक्षा घेत होते.

एका चंपाषष्ठीला आम्ही अकरा माणसं जेवलो. हिरव्या मिरच्यांचं, लसणाचं, वर कच्च्या तेलाची धार सोडलेलं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. सगळे अप्पांचं कौतुक करत होते. चेअरमनही होते. अप्पा नम्रपणे म्हणत होते, "माझं काय त्यात, वांगंच चांगलं होतं," आणि तिसऱ्यांदा टेस्टरची गोष्ट सांगत होते. मी पाणी आणायला आत गेलो. शेगडीवर वांग्याचा रस सांडून काळ्या काचेसारखा घट्ट झाला होता, बर्नरची निम्मी भोकं बुजली होती. काकूंच्या बांगडीला कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असते. ती काढून त्या एकेक भोक मोकळं करत होत्या. अजून जेवल्या नव्हत्या.